कानबाईचं बोलावणं: लांबलचक निमंत्रणातून अर्ध्या मिनिटाचा आपुलकीचा मेसेज कसा काढायचा

श्रावण जवळ आला की खान्देशातल्या अनेक घरांत एक मेसेज लिहायला घेतला जातो. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई, म्हणजे खान्देशातल्या घराघरांत पुजली जाणारी देवी, बसते. पोटापाण्यासाठी सुरत, नाशिक, पुणे, कल्याणकडे गेलेले भाऊबंद त्या दिवशी गावच्या घरी यावेत, असं मोठ्यांना मनापासून वाटतं. पूर्वी हे बोलावणं पोस्टकार्डावर जायचं, नाहीतर त्या गावाला निघालेल्या कुणाच्या तरी हाती निरोप धाडला जायचा. आता ते व्हॉट्सअ‍ॅपवर जातं, पण भाषा छापील पत्रिकेचीच राहिली आहे. त्या मेसेजचा छोटा, कानाशी बोलल्यासारखा मेसेज कसा करायचा, हे एकच उदाहरण घेऊन सांगतो. उदाहरण २०२५ सालचं आहे. त्या वर्षी नागपंचमी मंगळवारी २९ जुलैला होती, म्हणून कानबाई रविवारी ३ ऑगस्टला बसली आणि विसर्जन सोमवारी ४ ऑगस्टला झालं. घर अमळनेर तालुक्यातलं आहे असं धरा.

घरातल्या थोरल्या काकांनी लिहून दिलेला मजकूर साधारण असा असतो:

॥ श्री कानबाई माता प्रसन्न ॥
सर्व आप्तेष्ट व भाऊबंद यांसी सप्रेम नमस्कार, वि. वि. कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की, कुलस्वामिनीच्या कृपेने सालाबादप्रमाणे याही वर्षी आमचे राहते घरी श्री कानबाई मातेचा उत्सव रविवार दिनांक ३ ऑगस्ट २०२५ रोजी मोठ्या उत्साहात साजरा करण्याचे योजिले आहे. तरी आपण सर्वांनी सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून मातेच्या दर्शनाचा लाभ घ्यावा, ही आग्रहाची विनंती. रोटाचे धान्य शुक्रवारी मोजण्यात येणार असल्याने प्रत्येक कुटुंबातील पुरुषांची नावे तसेच येणाऱ्या एकूण व्यक्तींची संख्या गुरुवारपर्यंत कळविण्यात यावी. रात्री जागर होईल. सोमवार दिनांक ४ ऑगस्ट रोजी सकाळी विसर्जन मिरवणूक निघेल. सुरतेकडून येणाऱ्या मंडळींनी अमळनेर स्थानकावर उतरावे. आगाऊ सूचना दिल्यास वाहनाची व्यवस्था करण्यात येईल. पावसाचे दिवस असल्याने सोबत पांघरूण आणावे. आपल्या उपस्थितीने कार्यक्रमाची शोभा वाढेल. कळावे, लोभ असावा. आपले नम्र, समस्त परिवार.

या मजकुरात चुकीचं काही नाही. लिहिणाऱ्याने जबाबदारीने सगळं सांगितलं आहे, कुणाचा मान राहू नये असं त्यात काही नाही, आणि कागदावर छापला तर तो शोभूनही दिसेल. पण फोनवर वाचणाऱ्याला त्यात कुणाचा आवाज ऐकू येत नाही. 'योजिले आहे' म्हणजे कुणी योजलं? 'कळविण्यात यावी' म्हणजे कुणाला कळवायचं? सुरतेतल्या उधन्याला राहणारी फुई, म्हणजे वडिलांची बहीण, हे वाचते, हात जोडल्याचं चिन्ह पाठवते आणि फोन ठेवते. ती येणार की नाही, ते कुणालाच कळत नाही. शिवाय मेसेज फार लांब झाला की व्हॉट्सअ‍ॅप तो मध्येच तोडतं आणि खाली Read more दाखवतं. शेवटाकडच्या सूचना नेमक्या त्याच्याखाली दडतात.

पहिलं काम: वाचणारी माणसं वेगळी करा

बहुतेक जण आधी शब्द कापायला बसतात. 'सहपरिवार' काढ, 'अत्यंत' काढ, असं करत मजकूर अर्ध्यावर येतो, पण तो पत्रिकेचाच अर्धा भाग असतो. त्यात ऊब येत नाही, कारण तो अजूनही सगळ्यांना उद्देशून आहे. व्हॉइस नोट आपण एका माणसाला पाठवतो. त्यामुळे कात्री लावण्याआधी हा मेसेज कुणाकुणाला जाणार आहे, ते कागदावर लिहून काढा.

आपल्या उदाहरणात तीन माणसं घेऊ. उधन्याची फुई. पुण्याला नोकरी करणारा धाकटा चुलतभाऊ, ज्याच्या घरी गेल्या वर्षी मुलगा झाला. आणि नाशिकला निवृत्त होऊन राहिलेले आप्पा, म्हणजे चुलत आजोबा. मूळ मजकूर या तिघांना एकसारखाच जातो, आणि तिथेच तो फसतो. रोटाचंच बघा. रोट म्हणजे कानबाईचा गव्हाचा नैवेद्य, आणि तो कुळाचा असतो. या घरात कुळातल्या पुरुषांच्या नावाने मुठीमुठीने गहू मोजायची रीत आहे. मुठीचं माप आणि बाकीचे नियम घरागणिक वेगळे. पण फुई लग्न होऊन दुसऱ्या कुळात गेली. तिच्या नवऱ्याची, मुलाची नावं या रोटात धरायचीच नाहीत. तरी तिला 'पुरुषांची नावे कळविण्यात यावी' असं लिहून जातं. वाचताना तिला एक तर गोंधळ होतो, नाहीतर हा मेसेज आपल्यासाठी लिहिलेला नाही हे तिच्या लक्षात येतं. पुण्याच्या भावासाठी मात्र तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे.

चाळीस नातेवाईक असतील तर चाळीस मेसेज लिहायचे का? तशी गरज नाही. जी माणसं बोलावल्याशिवाय येणार नाहीत, किंवा ज्यांच्या येण्याने घरातल्या कुणाला विशेष बरं वाटेल, अशी पाच-सात नावं निघतात. त्यांना स्वतंत्र मेसेज लिहा. बाकीच्यांसाठी कुटुंबाचा ग्रुप आहेच.

दुसरं काम: माहिती आणि बोलावणं वेगळं करा

मूळ मजकुरात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. एक म्हणजे माहिती: कधी, कुठे उतरायचं, काय कळवायचं, काय आणायचं. दुसरं म्हणजे बोलावणं: तू ये. माहिती पुन्हा पुन्हा बघावी लागते, बोलावणं मात्र एकदाच मनाला लागलं पाहिजे. दोन्ही एका परिच्छेदात कोंबली की तारीख शोधणाऱ्याला मायेच्या ओळी अडवतात, आणि मायेच्या ओळींना तारखा थंड करतात.

म्हणून माहितीची एक कोरडी चिठ्ठी करून ती ग्रुपवर टाका. ती कोरडीच असू द्या, तिला नटवायला जाऊ नका.

कानबाई: रविवार, ३ ऑगस्ट. रात्री जागर
विसर्जन: सोमवार, ४ ऑगस्ट, सकाळी
रोटाची नावं: गुरुवार, ३१ जुलैपर्यंत मला कळवा
सुरतकडून येणाऱ्यांनी अमळनेरला उतरावं, गाडी आधी सांगावी
पांघरूण प्रत्येकी एक आणावं

या चिठ्ठीत वाराशेजारी तारीख आहे, ती मुद्दाम. 'येत्या रविवारी' असं लिहिलं की मेसेज दोन दिवसांनी उघडणाऱ्याचा घोळ होतो. आणि 'मला कळवा' या शब्दांमुळे कुणाला कळवायचं हा प्रश्न सुटतो. चिठ्ठी तयार झाली की व्यक्तिगत मेसेजवरचं बरंच ओझं उतरतं. त्यात फक्त त्या माणसाला लागणारी एक तारीख आणि त्याच्याकडून हवं असलेलं एक उत्तर पुरतं.

तिसरं काम: आधी बोला, मग लिहा

हा सगळ्यात उपयोगी भाग आहे, आणि तो टाळून केलेलं काम लगेच ओळखू येतं. काकांचा मजकूर समोर ठेवू नका. फोन घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःच्याच नंबरची चॅट उघडा, माइकचं चिन्ह दाबून धरा आणि बोट वर सरकवा. रेकॉर्डिंग लॉक होतं, बोट धरून बसावं लागत नाही. आता फुई समोर बसली आहे असं समजून बोला. संपल्यावर थांबवून स्वतः ऐका. नको असेल तर कचरापेटीचं चिन्ह दाबा, कुठेही काही जात नाही.

ज्यांना ऐकून लिहिणं कंटाळवाणं वाटतं, त्यांनी कीबोर्डवरच्या माइकने मराठीत बोलून टाइप करावं. जीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडली की ही सोय मिळते. अडचणी दोन. विरामचिन्हं स्वतः घालावी लागतात. आणि अहिराणी शब्द आले की कीबोर्ड त्यांच्या जवळचा भलताच मराठी शब्द उमटवतो, ते हाताने दुरुस्त करावे लागतात.

फुईसाठी बोललेलं जसंच्या तसं उतरवलं तर साधारण असं निघेल:

फुई, अगं कशी आहेस, गुडघा काय म्हणतो, बरं ऐक ना, ते कानबाई आहे बघ तीन तारखेला, रविवारी, तर तू असं कर, तू शनिवारीच ये, म्हणजे काय होईल, रात्री जागर असतो ना, मागच्या वर्षी तू नव्हतीस तर गाणी म्हणजे कुणाला येतच नव्हती, दोन कडवी झाली की सगळ्या गप्प, आई तर म्हणजे रोज विचारते फुईना फोन उना का, तर ये तू, आणि अमळनेरला उतर हं, मी येतो घ्यायला, फक्त गाडी कोणती ते सांग, आणि ते, काय म्हणतात, पट्टा आण गुडघ्याचा, मागे विसरली होतीस, इथे थंडी आहे पावसाची, चल ठेवतो.

हा कच्चा माल काकांच्या मजकुरापेक्षा पसरट आहे, पण सगळं जिवंत याच्यातच आहे. गुडघा, जागराची गाणी, आईचं रोजचं विचारणं, विसरलेला पट्टा: यातलं काहीही मूळ निमंत्रणात नव्हतं. कागदावर लिहायला बसलं की या गोष्टी आठवत नाहीत, माणसाशी बोलायला लागलं की आपोआप येतात.

चौथं काम: बोलण्यातलं काय ठेवायचं, काय काढायचं

व्हॉइस नोटसारखा वाचला जाणारा मेसेज म्हणजे व्हॉइस नोटची नक्कल नव्हे. बोलताना 'म्हणजे', 'तर', 'असं कर', 'काय म्हणतात' हे कानाला खटकत नाही, कारण त्यात श्वास असतो. लिहिल्यावर तेच शब्द अडखळतात. म्हणून विचार करायला वेळ घेणारे शब्द काढा आणि समोरच्याला हात लावणारे शब्द ठेवा. 'गं', 'हं', 'ना', 'तेवढं', 'बरं का' हे दुसऱ्या जातीचे. एका मेसेजात असे दोन-तीन असले की आवाज येतो. प्रत्येक वाक्याला 'ना' आणि 'हं' लावलं तर लाडीगोडी वाटते.

दुसरी गोष्ट क्रियापदांची. पत्रिकेच्या मराठीत कर्ता लपलेला असतो: व्यवस्था करण्यात येईल, धान्य मोजण्यात येणार आहे, विनंती आहे. अशा प्रत्येक ठिकाणी 'कोण?' असं विचारा आणि उत्तर वाक्यात बसवा. 'वाहनाची व्यवस्था करण्यात येईल' याचं 'मी स्टेशनवर येतो गाडी घेऊन' होतं. नुसती भाषा सोपी झाली एवढंच यात घडत नाही. आता एका माणसाने शब्द दिला आहे, आणि साठी ओलांडलेल्या बाईला एकटीने उधन्याहून निघायला तोच शब्द पुरतो. उत्तर देता येत नसेल, म्हणजे घ्यायला कोण जाणार हे ठरलेलंच नसेल, तर आधी ते घरात ठरवा. लपलेल्या कर्त्यामागे पुष्कळदा न ठरलेलं काम असतं.

तिसरी गोष्ट शब्दांच्या जागेची. लेखी मराठीत क्रियापद शेवटी जातं. बोलताना आपण ते आधी टाकतो आणि आठवलेलं मागून जोडतो: 'मी येतो घ्यायला', 'पट्टा आण गुडघ्याचा'. मेसेजातली एक-दोन वाक्यं अशी ठेवा. सगळीच तशी केली तर धाप लागल्यासारखं वाटतं. आणि 'घरे, केले, असे' न लिहिता 'घरं, केलं, असं' लिहा. 'दिनांक', 'रोजी', 'तरी', 'सदर' यांच्यासाठी बोलण्यात जागाच नसते, ते निमूटपणे गळून पडतात.

चौथी गोष्ट ख्यालीखुशालीची. प्रत्यक्ष बोलताना 'कशी आहेस, तब्येत काय म्हणते' याने सुरुवात करणं रीतीला धरून आहे. लिखाणात मात्र पहिल्या ओळीत प्रश्न आला की वाचणारी त्याच प्रश्नाचं उत्तर लिहून पाठवते आणि बोलावणं बाजूला राहतं. म्हणून गुडघ्याची चौकशी खाली नेऊन पट्ट्याच्या आठवणीत मिसळली. काळजी पोचते, आणि मेसेज भरकटत नाही.

एवढं केल्यावर फुईचा मेसेज असा उभा राहतो:

फुई, कानबाई ३ ऑगस्टला, रविवारी बसतेय गं. तू शनिवारीच ये. रात्री गाणी धरायला तूच लागतेस, बाकीच्यांना दोन कडव्यांपुढे येत नाही. आई रोज विचारते, "फुईना फोन उना का?" अमळनेरला उतर, मी स्टेशनवर येतो गाडी घेऊन. कोणत्या गाडीने निघतेस तेवढं सांग. आणि पट्टा आण हं गुडघ्याचा, पावसाने गारठा आहे इथे.

सावकाश बोलताना अर्ध्या मिनिटात साधारण पन्नास-साठ शब्द होतात, आणि हा त्याच मापात बसतो. मोठ्याने वाचून बघा. कुठे श्वास घ्यायला जागा नसेल किंवा जीभ अडखळत असेल तर तिथे अजून पत्रिका शिल्लक आहे. मापापेक्षा थोडा मोठा झाला तरी बिघडत नाही. फोनच्या एका पडद्यावर वर-खाली न सरकवता मावला म्हणजे झालं.

त्याच माणसाची एक गोष्ट

या मेसेजाचा जीव 'गाणी धरायला तूच लागतेस' या ओळीत आहे. 'तुझ्याशिवाय मजा येत नाही' असं लिहिलं असतं तर ते खरं असूनही कुणालाही चाललं असतं. जागराच्या रात्री कानबाईची गाणी पुढे कोण ओढतं हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं, आणि ती बाई आली नाही की रात्र लवकर आटोपते. फुईला ही ओळ वाचून कळतं की तिची जागा रिकामी आहे, आणि ती दुसऱ्या कुणाची नाही.

अशी गोष्ट शोधताना तीन प्रश्न पुरतात. हे माणूस आलं की घरात काय घडतं? नाही आलं तेव्हा काय अडलं? घरातलं कोण त्याची वाट बघतं? यातल्या एकाचं उत्तर, एका वाक्यात. दोन-तीन गोष्टी घातल्या की स्तुती वाटायला लागते आणि मेसेज पुन्हा फुगतो. आणि ती गोष्ट खरी असावी. आईने विचारलंच नसेल तर आईच्या तोंडी शब्द घालू नका. फुई फोन लावून आईलाच विचारते, आणि मग दोघींनाही अवघड होतं.

पुण्याच्या भावाचा मेसेज याच रीतीने, पण वेगळ्या सुरात:

भाऊ, कानबाई ३ ऑगस्टला रविवारी. शुक्रवारी रात्रीच निघा तिघं, आणि सोमवारची रजा आत्ताच टाकून ठेव, विसर्जन झाल्याशिवाय सोडणार नाही. यंदा तुझ्या पोराच्या नावाची मूठ पहिल्यांदा पडणार आहे रोटात. त्याचं पाळण्यातलं नाव धरू की हाक मारायचं, ते गुरुवारपर्यंत सांग.

मूळ मजकुरातलं सगळ्यात रुक्ष वाक्य, 'पुरुषांची नावे कळविण्यात यावी', इथे सगळ्यात मायेचं झालं. पहिल्यांदा मुलाचं नाव कुळाच्या रोटात धरलं जाणं बापासाठी मोठी गोष्ट असते. माहितीच्या ओळीतच त्या माणसाची गोष्ट सापडली की मेसेज आपोआप आखूड होतो, कारण एकाच वाक्यात दोन्ही कामं होतात. 'तिघं' हा शब्दही जपून घातला आहे. नुसतं 'ये' लिहिलं असतं तर सुनेला बोलावलंच नाही, असा अर्थ निघू शकला असता. पत्रिकेतलं 'सहकुटुंब' हे काम करत होतं. ते काढताना त्याचं काम कुठल्यातरी दुसऱ्या शब्दाकडे सोपवावं लागतं.

आप्पांना लिहिताना 'तुम्ही' राहणारच. ऊब आणण्यासाठी 'तू'वर उतरायची गरज नाही. खान्देशातल्या पुष्कळ घरांत आई, फुई, मावशी यांना 'तू' म्हणतात आणि वडीलधाऱ्या पुरुषांना 'तुम्ही'. तुमच्या घरात तोंडी जे आहे तेच लिहा.

आप्पा, राम राम. कानबाई ३ ऑगस्टला रविवारी आहे. नारळाची पूजा दरवर्षी तुमच्याच हातची, यंदाही तुम्हीच करायची. शनिवारी सकाळी मी नाशिकला येतो, तुम्ही आणि आजी तयार राहा. औषधांची पिशवी आठवणीने घ्या.

इथे 'करावी अशी विनंती' न लिहिता 'तुम्हीच करायची' लिहिलं आहे. मोठ्या माणसाचा हक्क आधीच मान्य असला की विनंती परकी वाटते. 'तयार राहा' हे मात्र हुकुमासारखं वाटू शकतं. आप्पांचा स्वभाव जरा मानी असेल तर 'किती वाजता येऊ?' असं विचारून संपवा. म्हणजे वेळ ठरवण्याचा मान त्यांच्याकडे राहतो.

अहिराणी किती घालावी

ज्यांच्या घरात अहिराणी बोलली जाते, त्यांना एक ओळ अहिराणीत लिहिण्याचा मोह होतो, आणि तो चांगला आहे. 'आई रोज विचारते' यानंतर 'फुईना फोन उना का?' आलं की आईचा आवाज थेट ऐकू येतो. 'माय वाट दखी ऱ्हायनी' या एका ओळीत जे येतं, ते प्रमाण मराठीच्या परिच्छेदात येत नाही. पण हे ज्याच्या तोंडी शोभतं त्याच्याच तोंडी घाला. तुम्ही फुईशी एरवी मराठीत बोलत असाल तर तुमचं बोलणं मराठीत आणि आईचं अहिराणीत, हेच खरं वाटतं. फुईशी तुम्ही अहिराणीतच बोलत असाल तर अख्खा मेसेज अहिराणीत लिहा. अहिराणी सगळीकडे एकाच पद्धतीने लिहिली जात नाही, त्यामुळे शुद्धलेखनाची धास्ती नको. मोठ्याने वाचल्यावर घरातल्यासारखं ऐकू आलं की ते बरोबर.

यावल-रावेर भागातल्या लेवा घरांची बोली निराळी आहे. तिथे धुळ्याकडची अहिराणी ओळ उचलून टाकली तर ती लगेच उपरी वाटते. सुरतेत वाढलेल्या भाच्यांना अहिराणी कळते, पण देवनागरी वाचायला वेळ लागतो, असंही पुष्कळ घरांत आहे. अशा भाच्यासाठी लिहिण्यापेक्षा खरीच व्हॉइस नोट पाठवणं बरं. लिहिलेला मेसेज तुमच्यापाशी आहेच, तो समोर ठेवून बोला, म्हणजे नोट तीन मिनिटांची होणार नाही.

कुठे बिघडतं, ते कसं ओळखायचं

सगळ्यात जास्त दिसणारा दोष म्हणजे तुटकपणा. 'रविवारी कानबाई. या. नावं कळवा.' हा मेसेज छोटा आहे, पण तो वाचून कुणालाही वाटेल की लिहिणाऱ्याला काम उरकायचं होतं. शब्द कापून कापून इथे पोचलं जातं. परीक्षा सोपी आहे: वरचं संबोधन झाकून मेसेज वाचा. तो कुणालाही पाठवता येत असेल तर त्यात त्या माणसाची गोष्ट नाही. फुईचा मेसेज झाकून वाचला तरी तो फुईचाच राहतो.

दुसरा दोष उलट टोकाचा. जुन्या आठवणी, रुसवे, 'मागच्या वर्षीही आली नाहीस' असं सगळं त्यात येतं. न आल्याचा उल्लेख वाचणाऱ्याला तक्रारीसारखा लागतो, आणि तक्रारीला माणूस कारणांनी उत्तर देतो. कच्च्या बोलण्यात 'मागच्या वर्षी तू नव्हतीस' असं आलं होतं. पक्क्या मेसेजात त्यातलं 'बाकीच्यांना येत नाही' एवढंच ठेवलं, तिचं न येणं गाळलं. भाव तोच राहिला आणि टोचणी गेली.

तिसरा, उत्तर न मागणं. मेसेजाच्या शेवटाकडे एकच असा प्रश्न ठेवा ज्याचं उत्तर हात जोडल्याच्या चिन्हाने देता येत नाही. 'कोणत्या गाडीने निघतेस?' या प्रश्नात येणं गृहीत आहे, आणि उत्तर द्यायला फुईला गाडी बघावी लागते. 'येशील ना?' असं विचारलं तर 'बघते' असं उत्तर येतं आणि तिथेच थांबतं.

पाठवताना घ्यायची काळजी

एकाला पाठवलेला मेसेज दुसऱ्याला फॉरवर्ड करू नका. त्यावर Forwarded अशी खूण उमटते, आणि सगळी मेहनत वाया जाते. सारखा मजकूर दोघा भावंडांना पाठवायचाच असेल तर कॉपी करून पेस्ट करा, आणि त्या त्या माणसाची ओळ बदला. ती दोघं एकमेकांना मेसेज दाखवतात, हे लक्षात असू द्या. ब्रॉडकास्ट यादीवर विसंबू नका. तुमचा नंबर ज्यांनी आपल्या फोनमध्ये जतन केलेला नाही, त्यांना ब्रॉडकास्ट पोचतच नाही, आणि म्हाताऱ्या नातेवाइकांच्या फोनमध्ये तो पुष्कळदा नसतो.

आधी व्यक्तिगत मेसेज पाठवा, आणि एक दिवस जाऊ देऊन ग्रुपवर माहितीची चिठ्ठी टाका. क्रम उलटा झाला तर व्यक्तिगत मेसेज मागाहून सुचल्यासारखा वाटतो. काकांनी लिहिलेला मूळ मजकूरही टाकून देऊ नका. तो त्यांच्या नावाने, कानबाईच्या फोटोसह ग्रुपवर सगळ्यात वर शोभतो, आणि त्यांचा मान राहतो.

हे कुठे करू नये

व्याह्यांना पत्रिकेचीच भाषा लिहावी. मुलीच्या सासरी 'या बरं का' असं गेलं तर तिथली मंडळी आपल्याला रीतसर बोलावलं नाही असं धरू शकतात, आणि ऐकून घ्यावं लागतं ते मुलीला. तिथे लांब, मानाचा मजकूर पाठवून वर फोन करावा. नुकतीच जुळलेली सोयरीक असेल तर फोनही घरातल्या मोठ्यांनीच करावा.

दुःखाची बातमी, दशक्रिया, गंधमुक्तीची वेळ कळवताना ठरलेला मजकूरच बरा. तिथे दिवस, वेळ, ठिकाण नेमकं कळणं गरजेचं असतं. आपली जवळीक दाखवायची असेल तर प्रत्यक्ष दारावर जाऊन दाखवता येते. वर्गणीचा, वाटणीचा किंवा उसन्या पैशांचा विषय असेल तर आकडे आणि तारखा पूर्ण वाक्यांत लिहा, आणि त्यात आईचं विचारणं किंवा जागराची गाणी आणू नका. पैशाच्या मेसेजात माया आली की वाचणारा ती माया कशासाठी आहे हे शोधायला लागतो, आणि पुढच्या श्रावणातलं खरं बोलावणंही त्याच नजरेने वाचतो.